पोस्टरचा मजकूर अर्ध्या मिनिटात समजेल असा कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठांच्या परिषदा, ‘आविष्कार’सारखी संशोधन स्पर्धा किंवा विभागाचे वार्षिक प्रदर्शन यांसाठी पोस्टर तयार करणारे विद्यार्थी मजकुराचा कच्चा खर्डा घेऊन येतात, तेव्हा जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मांडणी, रंग आणि चित्रे यांविषयी येथे फारसे काही नाही. हे पान फक्त मजकुराविषयी आहे. मुख्य संदेश, पद्धत आणि निकाल या तीन गोष्टी उभ्याउभ्या वाचणाऱ्याला लगेच समजाव्यात म्हणून तो कसा पुन्हा लिहावा, एवढाच त्याचा विषय आहे.

अर्धे मिनिटच का धरायचे? ज्याला रस आहे तो थांबून वाचेलच ना?

ज्याला तुमच्याच विषयात रस आहे तो थांबेल, परंतु त्याने थांबावे की नाही हे ठरवण्यासाठीही त्याला पोस्टर काय सांगते हे आधी कळावे लागते. पोस्टरच्या सत्रात वाचणाऱ्याच्या हातात चहाचा कप असतो, शेजारी कोणी तरी बोलत असते, समोर आणखी चाळीस पोस्टर लावलेली असतात आणि तो साधारण दीड-दोन मीटर अंतरावरून चालत चालत पाहत असतो. परीक्षकाची स्थितीही फार वेगळी नसते. त्याला ठरलेल्या वेळेत रांगेतील सर्व पोस्टर संपवायची असतात, त्यामुळे विद्यार्थी बोलू लागण्यापूर्वी तो मजकुरावर एकदा नजर फिरवतो आणि पहिला प्रश्न त्यातूनच काढतो.

अर्धे मिनिट हा काही शास्त्रीय नियम नाही. शीर्षक वाचून माणूस दोन पावले पुढे येतो आणि बोलावे की निघावे हे ठरवतो, त्या अवधीचा तो अंदाज आहे. या अवधीत त्याला तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत: काय आढळले, कसे शोधले, आणि नेमके किती. उरलेला मजकूर थांबलेल्या माणसासाठी आहे, आणि तोही हवाच, परंतु तो दुसऱ्या क्रमांकावर.

अर्ध्या मिनिटात किती शब्द वाचून होतात?

खुर्चीत बसून सलग गद्य वाचणारा इंग्रजी वाचक मिनिटाला साधारण 200 ते 250 शब्द मनात वाचतो. हा आकडा अर्धा करून शंभरेक शब्दांचा मजकूर लिहिणे चुकीचे ठरते, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की पोस्टर वाचणारा बसलेला नसतो आणि त्याचे लक्षही अखंड नसते. दुसरे कारण मराठीचे स्वतःचे आहे. ‘बीजप्रक्रियेमुळे’ किंवा ‘शेतकऱ्यांपर्यंतसुद्धा’ हा मराठीत एक शब्द असतो, तेथे इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात, म्हणून शब्दांची संख्या सारखी असली तरी मराठी मजकूर वाचायला अधिक वेळ घेतो.

मी स्वतः साठ ते सत्तर मराठी शब्दांची मर्यादा पाळतो, आणि शीर्षक त्यातच मोजतो. ही मर्यादा पुस्तकातून घेतलेली नाही. तो मजकूर बातम्या वाचण्याच्या वेगाने मोठ्याने वाचावा आणि मोबाइलवर वेळ लावून पाहावे, एवढीच तिची कसोटी आहे. तीस सेकंद उलटून गेली आणि निकाल अजून आलाच नसेल, तर काहीतरी काढावे लागेल.

गोषवारा तयार आहे. तोच कापून लहान केला तर चालणार नाही का?

बहुतेक जण हेच करतात, आणि बहुतेक पोस्टर येथेच फसतात. गोषवाऱ्याचा क्रम पार्श्वभूमी, गरज, उद्दिष्ट, पद्धत, निकाल, निष्कर्ष असा असतो, कारण तो निवड समितीला पटवण्यासाठी लिहिलेला असतो. तो कितीही कापला तरी क्रम तोच राहतो, आणि वाचणाऱ्याचे अर्धे मिनिट ‘तूर हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे कडधान्य पीक आहे’ हे वाचण्यात संपते. कृषी परिषदेला आलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक असते.

म्हणून गोषवारा बाजूला ठेवावा आणि कोऱ्या कागदावर तीन वाक्ये नव्याने लिहावीत. लिहिण्यापूर्वी ती बोलून पाहावीत. विद्यार्थी आला की मी त्याचा कागद पालथा घालतो आणि विचारतो, “तुला काय सापडलं, ते तुझ्या मामाला फोनवर सांगायचं असेल तर काय सांगशील?” तेव्हा जे वाक्य तोंडून निघते ते जवळजवळ नेहमी त्याच्या लेखी निष्कर्षापेक्षा स्पष्ट असते. त्यात कर्ता असतो, क्रियापद असते आणि ‘आढळून आले आहे’ची शेपूट नसते. तेच वाक्य थोडे नेमके करून वापरावे.

एखादे उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवता येईल का?

तुरीच्या मर रोगाचे उदाहरण घेऊ. फ्युजेरियम उडम या जमिनीत राहणाऱ्या बुरशीमुळे उभे झाड वाळते, आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी पेरणीपूर्वी बियाण्याला चोळणे हा त्यावरचा माहितीतला उपाय आहे. पुढील प्रयोग आणि त्यातील आकडे केवळ मजकूर कसा बदलतो हे दाखवण्यासाठी रचलेले आहेत, त्यांचा शिफारस म्हणून उपयोग करू नये. मूळ खर्डा अशा स्वरूपात येतो:

> तुरीवरील मर रोगाच्या एकात्मिक व्यवस्थापनामध्ये ट्रायकोडर्मा बीजप्रक्रियेच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास
>
> तूर हे महाराष्ट्रातील खरीप हंगामातील एक महत्त्वाचे कडधान्य पीक असून फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे होणारा मर रोग हा या पिकाच्या उत्पादनातील एक प्रमुख अडथळा मानला जातो. सदर रोगाच्या पर्यावरणपूरक व्यवस्थापनाच्या दृष्टीने जैविक घटकांचे मूल्यमापन करणे आवश्यक असल्याने प्रस्तुत अभ्यास हाती घेण्यात आला. प्रयोग यादृच्छिक गट रचनेमध्ये तीन प्रक्रिया व आठ पुनरावृत्ती यांसह घेण्यात आला. प्राप्त निष्कर्षांनुसार टी-2 ही प्रक्रिया टी-1 च्या तुलनेत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आढळून आली व टी-3 शी समतुल्य राहिली. उत्पादनामध्येही वाढ दिसून आली.

हा मजकूर चुकीचा नाही, परंतु दोन मीटरवरून वाचणाऱ्याला त्यातून काय मिळते ते पाहावे. शीर्षकातून विषय कळतो, निकाल कळत नाही. टी-1, टी-2 आणि टी-3 म्हणजे काय हे शोधण्यासाठी त्याला खाली पद्धतीच्या तक्त्याकडे जावे लागते. ‘लक्षणीय’ म्हटले आहे, परंतु किती झाडे वाचली हे कोठेच नाही. आणि ‘उत्पादनामध्येही वाढ दिसून आली’ हे शेवटचे वाक्य धोकादायक आहे, हे कच्चे आकडे पाहिल्यावर लगेच लक्षात येते.

म्हणून पुढची पायरी म्हणजे कच्चे आकडे मागणे. ते असे: प्रत्येक प्रक्रियेचे आठ प्लॉट, प्रत्येक प्लॉटमध्ये 60 झाडे, म्हणजे प्रत्येक प्रक्रियेची 480 झाडे. साध्या बियाण्याची 136 झाडे वाळली, ट्रायकोडर्माची 56 आणि रासायनिक बुरशीनाशकाची 64. टक्केवारीत हे अनुक्रमे 28.3, 11.7 आणि 13.3 होतात, आणि मरीच्या प्रमाणासाठी सी.डी. 4.9 आहे, म्हणजे दोन सरासऱ्यांमध्ये त्याहून अधिक अंतर असेल तरच पाच टक्क्यांच्या पातळीवर तो फरक खरा धरायचा. साधे बियाणे आणि ट्रायकोडर्मा यांतील अंतर 16 हून अधिक आहे, त्यामुळे तेथे शंका नाही. ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक यांतील अंतर 1.6 आहे, त्यामुळे तेथे फरक सांगता येत नाही. उत्पादन साध्या बियाण्याचे हेक्टरी 9.8 क्विंटल आणि ट्रायकोडर्माचे 11.1 क्विंटल आले, परंतु त्याची सी.डी. 1.6 आहे आणि अंतर आहे 1.3. म्हणजे वाढ ‘दिसली’ असली, तरी ती प्रक्रियेमुळे झाली असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

आता मजकूर नव्याने लिहिता येतो:

> बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळल्यावर तुरीची मर निम्म्याहून कमी झाली
>
> मर रोगाची बुरशी मुरलेल्या एका शेतात 24 प्लॉट पाडले. चिठ्ठ्या टाकून आठांत साधे बियाणे पेरले, आठांत ट्रायकोडर्मा चोळलेले आणि आठांत बुरशीनाशक चोळलेले. प्रत्येक प्लॉटमधील 60 झाडांपैकी किती वाळली, हे काढणीपर्यंत मोजले.
>
> दर 100 झाडांपैकी साध्या बियाण्याची 28, ट्रायकोडर्माची 12 आणि बुरशीनाशकाची 13 झाडे वाळली. उत्पादन वाढल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. प्रयोग एकाच हंगामाचा आहे.

शीर्षक धरून हे 62 शब्द आहेत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नव्या मजकुरात माहिती कमी झालेली नाही. जुन्या मजकुरात मरीचा एकही आकडा नव्हता, नव्यात तीन आहेत. जुन्यात प्रयोग कोठे झाला याचा उल्लेख नव्हता, नव्यात ‘बुरशी मुरलेल्या शेतात’ असे आले, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण ज्या शेतात मर जवळजवळ नसतेच तेथे हाच उपाय केला तर एवढा मोठा फरक दिसणार नाही. जागा मोकळी झाली ती पार्श्वभूमी आणि ‘प्रस्तुत’, ‘सदर’, ‘प्राप्त’, ‘च्या दृष्टीने’ असे शब्द काढल्यामुळे.

किलोला किती ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळले, वाण कोणता होता, पेरणीची तारीख काय होती, हे सर्व पोस्टरवर असायलाच हवे, परंतु ते खालच्या पद्धतीच्या चौकटीत. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते लागत नाही.

शीर्षकातच निकाल सांगणे उतावीळपणाचे दिसत नाही का?

‘चा अभ्यास’ हे शब्द पाहण्याची इतकी सवय झालेली असते की निकाल सांगणारे शीर्षक पहिल्यांदा उद्धट वाटते. तरीही मी ते वापरण्याच्या बाजूने आहे, कारण पोस्टरवर सर्वांकडून वाचला जाणारा मजकूर बहुधा तेवढाच असतो. मात्र क्रियापद नीट निवडावे लागते. ‘मर निम्म्याहून कमी झाली’ हा भूतकाळ आहे आणि तो या शेतापुरता, या हंगामापुरता बोलतो. ‘ट्रायकोडर्मामुळे मर निम्म्याहून कमी होते’ असे लिहिले की तोच निकाल सर्व शेतांचा नियम होऊन बसतो. एका हंगामाच्या प्रयोगाला वर्तमानकाळ झेपत नाही. ‘मुळे’ हा प्रत्ययही फक्त तेथेच लावावा जेथे प्रक्रिया कोणाला द्यायची हे संशोधकाने चिठ्ठ्या टाकून किंवा तशाच रीतीने ठरवले होते. केवळ पाहणी केलेली असेल, तर ‘ज्या शेतांत… त्या शेतांत…’ अशी रचना प्रामाणिक ठरते.

आयोजकांनी गोषवाऱ्याचे शीर्षक जसेच्या तसे ठेवण्याची अट घातली असेल, तर ते वर लहान अक्षरांत ठेवावे आणि निकालाचे वाक्य त्याखाली मोठ्या अक्षरांत द्यावे. अशा अटीचे उल्लंघन मात्र करू नये, कारण स्मरणिकेतील शीर्षक आणि पोस्टर यांचा मेळ बसला नाही की शोधणाऱ्याला पोस्टर सापडत नाही.

आकडे टक्क्यांत द्यावेत की ‘शंभरांपैकी इतके’ असे?

वरच्या उदाहरणात मर ‘59 टक्क्यांनी घटली’ असेही लिहिता आले असते. 136 वरून 56 ही घट तेवढीच आहे आणि गणित बरोबर आहे. तरी ते वाक्य एकटे लिहू नये, कारण वाचणाऱ्याला त्यातून मुळात किती झाडे मरत होती हे कळत नाही. शंभरात 28 ची 12 झाली काय किंवा हजारात 5 ची 2 झाली काय, दोन्ही ठिकाणी घट साठ टक्क्यांच्या आसपासच निघते, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे: 28 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलेली मर कोणी ‘16 टक्क्यांनी घटली’ असे लिहितो, कोणी ‘59 टक्क्यांनी’, आणि दोघांचे पोस्टर शेजारी लागले की वाचणारा बुचकळ्यात पडतो. ‘दर 100 झाडांपैकी 28 आणि 12’ असे लिहिले की हा प्रश्नच उरत नाही.

दशांशचिन्हानंतरचे आकडे वरच्या मजकुरात गाळावेत. 28.3 चे 28 केल्याने अर्थ बदलत नाही, आणि अचूक आकडे तक्त्यात असतातच. मात्र अंशस्थानी काय आहे आणि छेदस्थानी काय, हे गाळू नये. ‘28 झाडे’ एवढेच लिहिले तर ती 480 पैकी की 100 पैकी, हे विचारावे लागते.

मग `p < 0.05` कोठे जाईल? परीक्षक तेच विचारतात.

ते जागेवर राहील, फक्त खाली जाईल. तक्त्याखाली किंवा आलेखाच्या कडेला p चे मूल्य, सी.डी. किंवा विश्वासमर्यादा, जे तुमच्या शाखेत रूढ असेल ते, स्पष्ट लिहावे. वरच्या तीन वाक्यांत त्याचे काम शब्दांनी करायचे असते. फरक पक्का असेल तेथे तो आकड्यांसह सरळ सांगावा, फरक पक्का नसेल तेथे ‘सिद्ध झाले नाही’ असे म्हणावे. ‘लक्षणीय’ हा शब्द मी वरच्या मजकुरातून नेहमी काढतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘योगायोगाने एवढा फरक येण्याची शक्यता कमी’ असा आहे, तर रोजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘मोठा, नजरेत भरणारा’ असा होतो, आणि वाचणारा दुसराच अर्थ घेतो.

‘समतुल्य’ या शब्दाबाबतही सावध राहावे. ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक यांत फरक आढळला नाही, एवढेच प्रयोग सांगतो. दोन्ही सारखेच आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण सी.डी. 4.9 असलेल्या प्रयोगाला तीन-चार झाडांचा खरा फरकही दिसणार नाही. म्हणून वर ‘12 आणि 13’ असे दोन्ही आकडे शेजारी दिले आणि विशेषण लावले नाही.

पद्धत तीन ओळींत लिहिली तर काम कच्चे वाटेल, अशी भीती वाटते.

ही भीती मी समजू शकतो, कारण वर्षभराचे कष्ट पद्धतीतच गेलेले असतात. तरी अर्ध्या मिनिटाच्या वाचकाला पद्धतीतून एकच गोष्ट हवी असते: या निकालावर कितपत विश्वास ठेवावा. ते ठरवण्यासाठी त्याला तुलना कशाची कशाशी होती, किती नग मोजले, कोणाला काय द्यायचे हे कसे ठरले आणि काय मोजले, एवढे पुरते. वरच्या तीन वाक्यांत हे चारही आले आहे. यंत्राचे मॉडेल, द्रावणाची तीव्रता, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे काम पुन्हा करून पाहणाऱ्याला लागते.

पारिभाषिक शब्द टाळावेत असे मी सरसकट म्हणत नाही. ‘यादृच्छिक गट रचना’ हा शब्द कृषी संख्याशास्त्र शिकलेल्याला तीन वाक्यांचे काम एका दमात करून देतो. परंतु आंतरविद्याशाखीय सत्रात शेजारी रसायनशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे लोकही असतात, त्यांना ‘चिठ्ठ्या टाकून’ हे कळते. म्हणून साधे शब्द वर आणि संज्ञा खालच्या चौकटीत, अशी विभागणी करावी. टी-1, टी-2 ही नावे मात्र आलेखातही ठेवू नयेत. तेथे ‘साधे बियाणे’, ‘ट्रायकोडर्मा’, ‘बुरशीनाशक’ असेच लिहावे.

काही आढळलेच नसेल, किंवा निकाल उलट आला असेल, तर मुख्य संदेश काय लिहायचा?

तोच लिहायचा. ‘ट्रायकोडर्मा चोळूनही तुरीचे उत्पादन वाढल्याचे दिसले नाही’ हे पूर्ण आणि उपयोगी वाक्य आहे. फक्त ‘दिसले नाही’ आणि ‘वाढत नाही’ यांतील फरक सांभाळावा. प्रयोग लहान असेल तर पहिलेच वाक्य खरे असते. निकाल धूसर आहे म्हणून मजकूरही धूसर करण्याकडे कल होतो, ‘संमिश्र परिणाम आढळून आले’ असे काहीतरी लिहिले जाते, आणि त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कोठे फरक दिसला आणि कोठे दिसला नाही, अशी दोन वाक्ये त्याऐवजी लिहावीत.

निष्कर्ष चार आहेत. चारही मुख्य आहेत.

चारपैकी कोणता एक खोटा ठरला असता तर हे पोस्टर लावावेसेच वाटले नसते, असे स्वतःला विचारावे. तो मुख्य. बाकीचे तीन आलेखांच्या शीर्षकांत जाऊ शकतात, आणि तेथे ते वाचलेही जातात.

2019 पासून ज्याची चर्चा आहे ते ‘मध्यभागी एकच मोठे वाक्य’ असलेले पोस्टर करावे का?

मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी 2019 मध्ये ही मांडणी एका व्हिडिओतून सुचवली. मधल्या मोठ्या रंगीत पट्ट्यावर मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, त्याखाली अधिक माहितीसाठी क्यूआर कोड, डाव्या पट्टीत थोडक्यात पद्धत व निकाल, आणि उजव्या पट्टीत बोलताना लागणारे तक्ते व आलेख, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यामुळे निष्कर्ष आधी लिहिण्याची सवय अनेकांना लागली, हे मोठे काम झाले.

मजकुराच्या अंगाने पाहिले तर मला तिची एकच अडचण वाटते. मधले वाक्य इतके मोठे होते की आकडा आणि तुलना त्यातून बाहेर ढकलली जातात, आणि ‘ट्रायकोडर्मा तुरीला वाचवतो’ असे घोषवाक्य उरते. ही मांडणी घ्यावी, परंतु शंभरांपैकी 28, 12 आणि 13 हे आकडे मधल्या पट्ट्यातच, मोठ्या वाक्याच्या लगेच खाली ठेवावेत.

मराठी पोस्टरसाठी अक्षरांबाबत वेगळे काही पाळावे लागते का?

होय, आणि मजकुराची लांबी त्यावर अवलंबून असते. देवनागरीत वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते आणि ओळींमध्ये अंतरही जास्त लागते. इंग्रजी पोस्टरसाठी सांगितलेले 24 पॉइंट मराठीला कमी पडतात. खालच्या चौकटींसाठी 30 च्या पुढे आणि वरच्या तीन वाक्यांसाठी 54 च्या आसपास, असा माझा हिशेब असतो.

A0 आकाराचे पोस्टर A4 कागदावर छापले की लांबी-रुंदी बरोबर एक चतुर्थांश होते. म्हणून तो कागद अर्ध्या मीटरवर धरून पाहिला की दोन मीटरवरून पोस्टर जसे दिसेल तसेच दिसते. या अंतरावर वरची तीन वाक्ये सहज वाचता आली नाहीत, तर अक्षर मोठे करण्यापूर्वी शब्द कमी करावेत.

फ्लेक्स छापणाऱ्याकडे मजकुराची फाईल नेऊ नये, फॉन्ट अंतर्भूत केलेली PDF न्यावी. एका परिषदेच्या आदल्या रात्री माझ्या एका विद्यार्थिनीचे पोस्टर छापखान्यात दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडले गेले, जोडाक्षरे सुटी झाली आणि शीर्षकातला ‘ट्रायकोडर्मा’ पाय मोडलेल्या ट आणि र मध्ये विभागला गेला. तेव्हापासून आम्ही छपाईपूर्वी पडद्यावर शीर्षकातील प्रत्येक जोडाक्षर बोट ठेवून वाचतो, आणि र च्या रूपांकडे, म्हणजे ‘ट्र’, ‘र्मा’, ‘प्र’ यांकडे, विशेष पाहतो.

मजकूर खरोखर अर्ध्या मिनिटात समजतो, हे छापण्यापूर्वी कसे तपासावे?

A4 वरची प्रत घेऊन दुसऱ्या विभागातील कोणाकडे तरी जावे. आपल्या प्रयोगशाळेतील मित्र चालणार नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असते. कागद तीस सेकंद दाखवावा, मग पालथा करावा आणि तीन प्रश्न विचारावेत: “काय आढळलं?”, “हे कसं शोधलं?”, “फरक किती होता?” त्याची उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि मध्ये समजावून सांगू नये. समजावून सांगण्याची इच्छा अनावर होते, परंतु पोस्टरपाशी प्रत्येक वेळी तुम्ही उभे असणार नाही.

उत्तरे कोठे बिघडतात त्यावरून काय बदलायचे ते कळते. पहिल्या उत्तरात तो विषय सांगू लागला, म्हणजे ‘तुरीच्या रोगाबद्दल काहीतरी आहे’ असे म्हणाला, तर शीर्षक अजून निकाल सांगत नाही. दुसऱ्या उत्तरात तुलना आली नाही, तर साध्या बियाण्याचा गट वाक्यात मागे पडला आहे. तिसऱ्यात ‘बराच फरक होता’ असे ऐकू आले, तर आकडे फार आहेत किंवा फार उशिरा येतात. आणि त्याने “म्हणजे उत्पादन वाढलं ना?” असे विचारले, तर सर्वांत आधी ती दुरुस्ती करावी, कारण जे तुम्ही सिद्ध केलेले नाही ते तो तुमच्या पोस्टरवरून घरी घेऊन चालला आहे. वरच्या उदाहरणात ‘उत्पादन वाढल्याचे मात्र सिद्ध झाले नाही’ हे वाक्य अशाच प्रश्नासाठी आहे. शब्द कमी करताना ते सर्वांत आधी काढावेसे वाटते, परंतु ते काढू नये. जागा कमी पडलीच, तर त्याऐवजी काढणीपर्यंत मोजल्याचा उल्लेख खालच्या चौकटीत न्यावा.

अशी चाचणी तीन जणांवर केली की पुरते. प्रत्येक वेळी एकच दुरुस्ती करून नवी प्रत नव्या माणसाला दाखवावी, कारण एकदा वाचलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सर्वच समजते.